एकच फोटो, दोन फाइली: वेबसाठी कोणती, प्रिंटसाठी कोणती?

लग्नाचा एक फोटो घेऊ. नवरीचा हिरवा शालू, 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा, म्हणजे फाइल 6000 × 4000 पिक्सेलची. हाच फोटो वेबसाइटवर टाकायचाय आणि 12 × 18 इंचांची प्रिंट काढून भिंतीवरही लावायचाय. एकाच फाइलवर दोन्ही कामं भागवू नका.

वेबसाठी डीपीआयचा, म्हणजे इंचाला किती ठिपके याचा, आकडा विसरून जा. 72 लिहा किंवा 300, ब्राउझर फक्त पिक्सेल मोजतो. लांब बाजू 2048 पिक्सेल ठेवली की बहुतेक ठिकाणी पुरते. प्रिंटला मात्र इंचाचा हिशेब लागतो: इंचाला 300 पिक्सेल धरले, तर 18 × 300 = 5400 पिक्सेल. आपल्याकडे 6000 आहेत, त्यामुळे काळजी नाही. वेबची 2048ची फाइल लॅबला दिलीत, तर इंचाला जेमतेम 114 पिक्सेल येतात आणि दागिन्यांचं नक्षीकाम जवळून पाहताना पसरट दिसतं. 36 इंची प्रिंटला मूळ फाइलमधूनही 167च मिळतात, पण ती लांबून पाहायची असल्याने चालून जातं.

कॉम्प्रेशनचं गणित सोपं आहे. वेबला जेपेग, Quality 75 ते 80. त्याखाली गेलात तर आधी गुळगुळीत पार्श्वभूमीवर पट्टे आणि लाल कडांभोवती घाण दिसू लागते. प्रिंटला जेपेगच, पण 95च्या आसपास. लॅब घेत असेल तर टिफ. एक लक्षात ठेवा: व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाते, म्हणून लॅबला डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

खरी गडबड होते ती रंगांत. sRGB आणि Adobe RGB या रंगांच्या दोन मोजपट्ट्या, आणि फाइलमध्ये कोणती वापरली हे सांगणारी नोंद म्हणजे प्रोफाइल. Adobe RGB मध्ये हिरव्या-निळसर छटा sRGB पेक्षा जास्त मावतात, म्हणून ‘चांगलं तेच निवडू’ असं वाटतं. पण प्रोफाइल न वाचणाऱ्या अ‍ॅपमध्ये किंवा मशीनवर तीच फाइल sRGB समजून उघडली जाते आणि शालूचा हिरवा मळकट होतो. एडिटिंगच्या स्क्रीनवर रंग भरलेला आणि दुसरीकडे एकदम फिका दिसला, तर आधी हाच संशय घ्या. म्हणून वेबसाठी नेहमी sRGB, प्रोफाइल जोडलेली.

प्रिंटला निर्णय लॅबवर. फोटो पेपरवर छापणाऱ्या बऱ्याच लॅब sRGBच मागतात. तिथे Adobe RGB दिल्याने काही मिळत नाही, उलट धोकाच. चांगल्या इंकजेट प्रिंटरवर छापणारे Adobe RGB वाचत असतील, तर शालूच्या गडद हिरव्यात खरंच फरक पडतो. पत्रिका ऑफसेटवर जाणार असेल, तर सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांमध्ये रूपांतर, स्वतः अंदाजाने करू नका, प्रेसकडून त्यांचं प्रोफाइल मागा. विचारून उत्तर मिळालं नाही, तर sRGB द्या आणि मोठ्या प्रिंटआधी त्याच कागदावर एक 4 × 6 काढून बघा. तो काळपट आला, तर बहुधा दोष फाइलचा नसून तुमच्या स्क्रीनच्या जास्त ब्राइटनेसचा असतो.