सात महिन्यांनंतर : खुब्यातला पू, एक ऑपरेशन आणि दिवसातून चार वेळा गोळी

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल दुकान आहे. गेली अकरा वर्षं मी लोकांना अँटिबायोटिक विकतोय. दसऱ्यानंतर माझ्याच चार वर्षांच्या पोरावर तीच वेळ आली. उपचार संपून सात महिने होत आले, म्हणून आता लिहितो.

सोमवारी संध्याकाळी पोरगं लंगडायला लागलं. सोयाबीनची काढणी चालू होती आणि ते दिवसभर शेतात हुंदडलेलं. आई म्हणाली, "आरं, ढेकळात पाय मुरगळला आसंल," आणि तेल लावून चोळून दिलं. रात्री अंग तापलं, तसं मी दुकानातलं आयबुप्रोफेनचं सिरप पाजलं. मंगळवारी पाय टेकवेना. इथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. तो एकदम साफ, म्हणून लचक ठरली. पहिल्या काही दिवसांत एक्स-रे साफच दिसतो, हे मला नंतर कळलं. मी दर सहा तासांनी सिरप देत राहिलो आणि ताप शंभराच्या आसपास दबून राहिला. माझ्या त्या सिरपनं पूर्ण एक दिवस खाल्ला.

बुधवारी सकाळी ते पाठीवर पडलेलं, गुडघा वाकवून बाहेर टाकलेला. लंगोट बदलायला पाय नुसता हलवला तरी किंचाळलं. बायको म्हणाली, "अहो, ही लचक नाही. गाडी काढा." लातूर गाठेपर्यंत साडेदहा वाजले.

तिथल्या हाडांच्या डॉक्टरांनी मला चार गोष्टी विचारल्या किंवा तपासल्या : ताप साडेअडतीस सेल्सिअसच्या वर गेला होता का, पाय टेकवतो का, अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी ईएसआर चाळीसच्या वर आहे का, पांढऱ्या पेशी बारा हजारांच्या वर आहेत का. यातल्या जितक्या जास्त जुळतील तितका सांध्यात पू असल्याचा संशय पक्का. नाहीतर लहान मुलांत विषाणूच्या तापानंतर खुबा नुसताच सुजतो आणि आपोआप बरा होतो, तोही असाच दिसतो. आमच्या पोराचा ईएसआर 62, पेशी 17,400 आणि सूज दाखवणारी दुसरी तपासणी सीआरपी 118. सोनोग्राफीत खुब्यात पाणी दिसलं. पण ते पाणी आहे की पू, हे सोनोग्राफी सांगत नाही.

"आजच उघडायचा," डॉक्टर म्हणाले. मी म्हणालो, दोन दिवस इंजेक्शन देऊन बघू की. त्यांनी मूठ वळून दाखवली. खुब्याचं डोकं त्याच्या पिशवीत बसलेलं असतं आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या त्या पिशवीतूनच जातात. पू साठला की दाब वाढतो, नळ्या दबतात आणि डोकं मरू शकतं. शिवाय जंतूंशी लढायला आलेल्या आपल्याच पेशी जो रस सोडतात, तो कूर्चा खातो. इंजेक्शनानं जंतू मरतील, पण साठलेला पू आणि दाब तिथंच राहील. गुडघा असता तर सुईनं पू काढून चालण्याचा विचार झाला असता, खुब्यात त्यांना ती जोखीम नको होती. पोरानं सकाळी दूध-बिस्कीट खाल्लेलं, म्हणून दुपारपर्यंत उपाशी ठेवलं आणि चार वाजता आत नेलं.

त्यांनी एक गोष्ट कटाक्षानं केली. अँटिबायोटिकच्या आधी, जंतू कोणता ते कळायला, रक्त कल्चरला घेतलं, आणि ऑपरेशनमध्ये पिशवी उघडल्या उघडल्या पू कल्चरला पाठवला. मग सलाईननं धुवून बारीक नळी ठेवली, ती दोन दिवसांनी काढली. पोरगं गळून गेलेलं नव्हतं, म्हणून एवढ्या वेळासाठी औषध थांबवता आलं. अंगात विष पसरलेलं असतं तर लगेच सुरू केलं असतं.

त्यांनी इंजेक्शनात सेफाझोलिन हे अँटिबायोटिक निवडलं, आणि कल्चर येईपर्यंत जोडीला क्लिंडामायसिन. दुकानदार म्हणून मला आश्चर्य वाटलं. एवढ्या मोठ्या आजाराला सेफ्ट्रायॅक्सोन नाही? डॉक्टर म्हणाले, मुलांच्या सांध्यात बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू असतो आणि सेफाझोलिन त्याच्यावर नेमकं बसतं. क्लिंडामायसिन कशाला, तर आपल्याकडे मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकसही बऱ्यापैकी सापडतो आणि त्याच्यावर सेफाझोलिन चालत नाही. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला : स्टॅफिलोकोकस, सेफॉक्सिटिनला संवेदनशील, म्हणजे न जुमानणारा नव्हे. क्लिंडामायसिन त्याच दिवशी बंद.

दुसऱ्या दिवशी सीआरपी 141 झाला आणि मी हबकलो. ऑपरेशननंतर तो आधी चढतोच, म्हणाले. चौथ्या दिवशी 58, पाचव्या दिवशी 34. ताप दोन दिवसांत गेला आणि पाय हलवताना रडणं कमी झालं. ईएसआर मात्र पुन्हा बघितलाच नाही, कारण तो आठवडे उतरत नाही आणि उगीच घाबरवतो.

पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता गोळी. घरात गहजब. आई म्हणाली, "सुईबिगर हाडाचं दुखणं कसं जाईल?" खरं सांगतो, माझ्याही मनात तेच होतं. त्यांनी फिनलंडच्या डॉक्टर पेल्टोला यांच्या कामाचं सांगितलं. 2009 मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात 130 मुलं होती. शिरेतून औषध फक्त पहिले दोन ते चार दिवस, मग तोंडाने. एकूण दहा दिवस औषध घेतलेली मुलं तीस दिवस घेतलेल्या मुलांइतकीच बरी झाली. पण तिथे न जुमानणारा स्टॅफिलोकोकस नव्हता आणि डोस मोठा होता, हेही त्यांनीच सांगितलं. आम्हाला दोन दिवस उशीर झालेला आणि सांधा खुब्याचा, म्हणून त्यांनी एकूण एकवीस दिवस ठरवले. हाडातही जंतू शिरलेला निघाला असता तर आणखी लांबलं असतं.

डोसवर मी अडलो. सेफॅलेक्सिन, किलोला दिवसाला 100 मिलिग्राम. पोराचं वजन 15 किलो, म्हणजे दिवसाला 1500, चार वेळा 375. विरघळणारी 250 ची एक आणि 125 ची एक. माझ्या दुकानात या वयाला 125 तीन वेळा अशा चिठ्ठ्या रोज येतात, त्या घशाला किंवा कातडीला. मी फोन करून विचारलं, शून्य चुकून जास्त पडलं का? नाही म्हणाले. सेफॅलेक्सिन पोटातून चांगलं शोषलं जातं, पण सांध्यात पुरेसं पोहोचायला डोस मोठाच लागतो. त्याचा असर डोसच्या आकारापेक्षा रक्तात किती वेळ टिकतं यावर ठरतो, म्हणून चार वेळा. कमी डोसवर गोळी फसते आणि मग लोक म्हणतात, गोळीनं भागत नाही.

आता वापराचं. पहाटे सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. रात्री बाराचा डोस म्हणजे शिक्षा. झोपेतल्या पोराला बसवून चमच्यातलं पाणी पाजायचं, तीनदा त्यानं थुंकलं. नवव्या दिवशी जुलाब सुरू झाले. रक्त नव्हतं, ताप नव्हता, चार दिवसांत थांबले. त्याउलट दवाखान्यात तिसऱ्याच दिवशी हाताची सुई सुजून बदलावी लागली होती, तेव्हाचं त्याचं रडणं आठवलं की बाराचा अलार्म बरा वाटायचा. आठवड्याला सीआरपी, शेवटच्या दिवशी 6.

मला आवडलं नाही ते एवढंच : घरी सोडताना कागदावर "ताप किंवा पाय पुन्हा दुखला तर या" असं लिहिलं, पण किती दिवसांनी पाय टेकवेल हे कुणी लिहिलं नाही. त्याला पाच आठवडे लंगड होती आणि आम्ही रोज घाबरत होतो.

सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांचे एक्स-रे झाले. खुब्याचं डोकं दोन्हीकडे सारखं गोल आहे. रक्तपुरवठा तुटल्याची खूण उशिरा दिसू शकते, म्हणून वर्षाला पुन्हा काढायचाय. सध्या पोरगं दुकानाच्या काउंटरवर चढतं आणि मांडीच्या वरचा व्रण गिऱ्हाइकांना दाखवतं.