संपर्कांच्या संख्येवर पैसे की माणसांच्या संख्येवर? दोन सीआरएम प्लॅन वापरल्यावर

सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर, निवडताना शेवटी दोनच प्रकारचे प्लॅन समोर उरतात. पहिल्यात किती संपर्क साठवता यावर आकारणी होते आणि वापरणारी माणसं हवी तेवढी जोडता येतात. दुसऱ्यात प्रत्येक वापरकर्त्यामागे पैसे लागतात आणि संपर्कांची मर्यादा इतकी वर असते की छोट्या टीमला ती जाणवत नाही. यंत्रांच्या देखभालीचे वार्षिक करार सांभाळणाऱ्या आमच्या पाच जणांच्या टीमने आधी पहिला प्रकार घेतला आणि वर्षभराने दुसऱ्याकडे वळलो. दोन्ही मधल्या टियरचे होते. नावं देत नाही, कारण असे नियम बऱ्याच कंपन्यांत सापडतील.

संपर्कांच्या मर्यादेबद्दल थोडक्यात सांगतो. पहिल्या प्रकारात मर्यादा ओलांडली की तुम्ही आपोआप वरच्या गटात जाता. नंतर जुनी नावं काढून टाकली, तरी नूतनीकरणापर्यंत खालच्या गटात परत येता येत नाही. त्यामुळे प्रदर्शनातून आलेली हजारभर नावांची यादी सरळ आत ओतू नका. आधी दुबार नोंदी काढा. एवढी शिस्त पाळली तर ही मर्यादा सांभाळता येते. आमचा निर्णय तिच्यामुळे झाला नाही.

वर्कफ्लोच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या आपोआप चालणाऱ्या कामांच्या बाबतीत पहिला प्लॅन उजवा होता, हे मोकळेपणाने सांगायला हवं. त्यात शंभर वर्कफ्लो चालवता येत, दुसऱ्यात वीसच. शाखा, थांबे, अटी यांची मांडणीही पहिल्यात जास्त सुबक. पण आम्ही मोजले तेव्हा रोज खरोखर चालणारे सातच निघाले: करार संपण्याआधीची आठवण, थकबाकीची आठवण, नव्या चौकशीची वाटणी आणि असेच आणखी चार.

आम्हाला प्लॅन बदलायला लावला तो एपीआयने, म्हणजे दुसरी सॉफ्टवेअर ज्यातून सीआरएमशी बोलतात त्या सोयीने. अशी प्रत्येक विनंती म्हणजे एक कॉल. मधल्या टियरच्या तक्त्यात एपीआयपुढे बरोबरची खूण होती आणि त्या खुणेवर मी विसंबलो. दिवसाला पाच हजार कॉलची मर्यादा मला भरपूर वाटली.

आमची जोडणी अशी होती. हिशेबाचं सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी सीआरएमला विचारायचं की नवा करार पक्का झाला का. तासाला बारा कॉल, म्हणजे मध्यरात्रीपासून रात्री अकरापर्यंत 276. संकेतस्थळावरच्या फॉर्मला प्रत्येकी दोन कॉल लागत: एक ईमेल आधीपासून आहे का ते शोधायला, दुसरा नोंद करायला. रोज चाळीसेक फॉर्म, म्हणजे आणखी 80. रात्री अकरा वाजता एक स्क्रिप्ट प्रत्येक ग्राहकाची थकबाकी हिशेबातून घेऊन सीआरएमच्या कस्टम फील्डमध्ये भरायची, एका ग्राहकाला एक कॉल. चार हजार ग्राहक असेपर्यंत हे सगळं सुरळीत चाललं.

ग्राहक 6,200 झाले तेव्हा स्क्रिप्टच्या वाट्याला 5,000 वजा 356, म्हणजे 4,644 कॉल उरत होते. तेवढे संपले की सर्व्हर हे उत्तर द्यायचा:

```
HTTP/1.1 429 Too Many Requests
Retry-After: 2400
```

स्क्रिप्ट तिथेच थांबायची. मध्यरात्री मोजणी शून्यावर यायची, म्हणून सकाळी फॉर्म चालू, हिशेब चालू आणि पडद्यावर सगळं ठीक. ज्या सीआरएममध्ये मर्यादा मागच्या चोवीस तासांवर मोजतात, उदाहरणार्थ सेल्सफोर्समध्ये, तिथे कॉल संपल्याचा फटका दुसऱ्या दिवशी लगेच बसला असता आणि दोष तेव्हाच कळला असता. आमचा दोष मध्यरात्री रोज झाकला जायचा.

स्क्रिप्ट नोंदी आयडीच्या क्रमाने घ्यायची. त्यामुळे दर रात्री वगळले जाणारे साधारण पंधराशे जण तेच असत, आणि ते सगळ्यात नवे ग्राहक होते. त्यांनी पैसे भरले तरी थकबाकीचं फील्ड जुनंच राहायचं आणि आमचा तो सुबक वर्कफ्लो त्यांना निष्ठेने पैशांची आठवण पाठवायचा. पहिलाच करार केलेल्या एका ग्राहकाने पावती जोडून तिसऱ्यांदा पत्र पाठवलं, तेव्हा आम्ही शोध घेतला. हा दोष ओळखायचा असेल तर आयडीच्या क्रमाने यादी लावून त्या फील्डच्या शेवटच्या बदलाच्या तारखा बघा. एका आयडीच्या पुढे सगळ्या तारखा जुन्या दिसल्या की समजा, कॉल मध्येच संपत आहेत.

यावर उपाय ठाऊक असलेलाच आहे: एका कॉलमध्ये शंभर नोंदी बदलणारी बॅच सोय. तिने आमचं रात्रीचं काम 62 कॉलमध्ये बसतं. आणि दर पाच मिनिटांनी विचारण्याऐवजी वेबहुक लावला, तर करार पक्का झाला की सीआरएम स्वतःच कळवतं. पहिल्या प्लॅनमध्ये या दोन्ही गोष्टी एक टियर वर होत्या आणि त्या टियरला संपर्कांचा मोठा गट सक्तीने घ्यावा लागत होता. दुसऱ्या प्लॅनमध्ये त्या मधल्या टियरलाच मिळाल्या. मला वाटतं, दैनिक आकड्यापेक्षा हा फरक जास्त मोलाचा आहे. बॅच मिळाली तर पाच हजारही पुरतात आणि नाही मिळाली तर पंचवीस हजारही कधीतरी संपतात. वेबहुकवर मात्र पूर्ण भरवसा ठेवू नका. आपला सर्व्हर बंद असताना आलेली सूचना हुकू शकते, म्हणून रात्रीची जुळवणी आम्ही चालूच ठेवली आहे.

कस्टम फील्डचाही संबंध इथेच येतो. संख्या दोन्हीकडे पुरेशी होती, चटका बसला तो प्रकाराचा. थकबाकीचं फील्ड सुरुवातीला कोणीतरी साधा मजकूर म्हणून बनवलं होतं, आणि मजकुरावर ‘शून्यापेक्षा जास्त’ अशी अट वर्कफ्लोला लावता येत नाही. तयार फील्डचा प्रकार तिथे बदलता येत नव्हता. नवं अंकाचं फील्ड करून सगळ्या नोंदी पुन्हा लिहाव्या लागल्या, म्हणजे पुन्हा कॉल. रक्कम, तारीख आणि पर्यायांची यादी या तिन्हींचे प्रकार पहिल्याच दिवशी नीट ठरवा.

तुमचं सीआरएम दुसऱ्या कुठल्याच सॉफ्टवेअरला जोडायचं नसेल आणि वापरणारी माणसं पंधरा-वीस असतील, तर पहिला प्रकार कदाचित तुम्हाला जास्त सोयीचा पडेल. त्याचे वर्कफ्लो मला अजूनही आवडतात. हिशेब, फॉर्म, तक्रारी असं काही जोडणार असाल, तर मी दुसऱ्याकडेच बघेन.

चाचणीच्या काळात एक काळजी घ्या. तेव्हा पुष्कळदा वरच्या टियरच्या सोयी उघड्या असतात, त्यामुळे बॅच चालली म्हणजे ती तुमच्या टियरला मिळेलच असं नाही. आम्ही दुसऱ्या वेळी एकच महिना पैसे भरून नेमका हवा तो टियर घेतला आणि पहिल्याच दिवशी दोन खोट्या नोंदींवर बॅच चालवून पाहिली. सोय टियरमध्ये नसती तर `403` आलं असतं. `200` आलं, दोन्ही नोंदी बदललेल्या दिसल्या, आणि मगच वर्षाचे पैसे भरले.