डबा बंद केला, उरलेले ५,११० रुपये बुडाले : मेसेज पाठवण्याआधी हे वाचा

डबा लावताना आगाऊ पैसे भरायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. सुटा डबा ९० रुपये, १२० डब्यांचे एकदम भरले तर ८,४०० म्हणजे डबा ७० ला. मीही तेच घेतलं. ४७ डबे खाऊन झाल्यावर ऑफिसची शिफ्ट बदलणार होती, म्हणून डबा बंद करायचं ठरवलं. ७३ शिल्लक, ७० च्या दराने ५,११० रुपये.

गुरुवारी मी व्हॉट्सॲपवर साधा मेसेज टाकला: "दादा, येत्या सोमवारपासून डबा बंद. रविवारपर्यंतचे धरून ७३ शिल्लक राहतात, तेवढे पैसे परत पाठवा." संध्याकाळी उत्तर आलं: "हो दादा, ७३ बरोबर आहेत. पुढच्या शनिवारी हिशोब करून टाकतो." याहून स्पष्ट आणखी काय हवं होतं?

त्या उत्तराच्या अगदी वर एक बारीक करडी ओळ होती. मेसेज आपोआप गायब होण्याची सोय त्याने चालू केली होती, सात दिवसांची. ती ओळ मी वाचली आणि पुढे सरकलो. मला राग येतो तो याच क्षणाचा. पण रोज मसाल्यापासून कुरिअरपर्यंत दहा लोकांशी बोलणारा माणूस अशा ओळींकडे बघतो का? त्यात तो रोज दारात डबा देऊन "जेवलात का" विचारणारा. त्याच्यावर संशय घ्यायचं काही कारणच नव्हतं.

ती सोय चालू झाल्यानंतरचेच मेसेज जातात, आधीचे राहतात. म्हणून माझी मागणी आजही चॅटमध्ये आहे, त्याची कबुली मात्र नाही. "पुढच्या शनिवारी" का म्हणाला, ते शनिवारी कळलं. कबुली सात दिवस भरताच, आदल्या गुरुवारीच पुसली गेली होती. स्क्रीनशॉट ज्या क्षणी उत्तर येईल त्याच क्षणी काढा, तारीख आणि नंबर दिसेल असा.

शनिवारी त्याचा हिशोब आला, तोही फोनवर. तुम्ही योजना मोडलीत, म्हणून खाल्लेले ४७ डबे सुट्या दराने, ४,२३० रुपये. उरले ४,१७०. शिवाय "आदल्या रात्री न कळवता घेतले नाहीत" असे १४ डबे, १,२६०. म्हणजे २,९१० मिळतील. सुटा दर लावण्याची अट पैसे घेताना लिहून दिली असती, तर मी वादही घातला नसता. अशी अट कधीच नव्हती. आणि ते १४ डबे? सुट्टीचे मेसेज मी आदल्या दिवशी टाकले होते, ते चॅटमध्ये आहेत. हे सांगितल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं. २,९१० सुद्धा आले नाहीत.

पोलीस चौकीत गेलो, तर "हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा." लेखी अर्ज घ्या म्हटलं, तर "पाच हजारांसाठी?" पाच हजार! बाहेरगावी खोली घेऊन राहणाऱ्या पोराला विचारा पाच हजार म्हणजे काय. त्याने असेच आणखी किती जणांचे ठेवले असतील, हे विचारायची तसदीही कुणी घेतली नाही. बँक म्हणते, तुम्हीच पिन टाकून पैसे पाठवले, यात आम्ही काही करू शकत नाही. म्हणजे ज्याच्याकडे जावं तो दुसरं दार दाखवतो, आणि ज्याने पैसे दाबले तो दुपारी निवांत डबे भरत बसलेला असतो.

यूपीआयची पावती उघडून बघा. माझे पैसे डब्याच्या नावावर नाही, कुणा तिसऱ्याच्याच खात्यात गेलेत. पैसे भरताना पडद्यावर दिसणारं खातेदाराचं नाव वाचा आणि हा कोण, ते तिथेच विचारा. तक्रारीत खरं नाव आणि पत्ता लागतो, डब्याच्या स्टिकरवरच्या नावाने नोटीस पोचत नाही.

मी आता जिल्हा ग्राहक आयोगात चाललोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि दोन वर्षांची मुदत आहे. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही अर्ज करता येतो. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या.

मेसेज लिहाल तेव्हा आकडे सगळे लिहा: "१२० डब्यांचे ८,४०० भरले, ४७ घेतले, ७३ राहिले, दर ७०, येणे ५,११०. रविवारचा डबा शेवटचा. अमुक तारखेपर्यंत याच यूपीआयवर पाठवा." उत्तर फोनवर आलं, तर "आत्ता फोनवर तुम्ही असं म्हणालात" हे लगेच लिहून पाठवा. रिकामे डबे परत देताना फोटो काढा, नाहीतर तेही हिशोबात येतात. आणि यापुढे पंधरा दिवसांपेक्षा जास्तीचे पैसे एकदम भरू नका, डबा वीस रुपयांनी महाग पडला तरी.

याच माणसाकडे पैसे अडकलेले आणखी कुणी आमच्या इमारतीत असतील, तर पावत्या जपून ठेवा. तक्रार एकत्र करू.