रिलीज नोट्स: बदलाच्या प्रकारानुसार लिहाव्यात की ग्राहकाच्या फायद्यानुसार?

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात किंवा शहरातल्या एखाद्या लहानशा कार्यालयात बिलिंग सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या चमूपुढे, आवृत्ती बाहेर पडण्याच्या आदल्या दिवशी, डेव्हलपरांनी लिहिलेल्या नोंदींची यादी असते आणि ती ग्राहकांकडे कोणत्या रूपात पाठवायची हे कोणीतरी ठरवायचे असते. मार्ग मुख्यतः दोन आहेत. पहिल्यात नोंदींचे गट बदलाच्या प्रकारानुसार पडतात: नवे काय आले, काय बदलले, काय दुरुस्त झाले, काय काढून टाकले. दुसऱ्यात तेच बदल ग्राहकाचे कोणते काम सोपे झाले त्यानुसार मांडले जातात आणि साध्या भाषेत नव्याने लिहिले जातात. कोणता मार्ग घ्यावा असा विचार ज्यांच्यापुढे आहे, त्यांच्यासाठी एकच यादी दोन्ही रीतींनी संपादित करून पाहणे उपयोगी ठरेल.

गांधीबागेतले कापडाचे ठोक व्यापारी आणि इतवारीतले किराण्याचे आडते हे ग्राहक आहेत असे धरू. उदाहरणापुरती रचलेली यादी अशी:

```
feat: bulk e-way bill JSON export (#2198)
fix: null check in ledger export (#2214)
fix: credit note round-off before tax (#2240)
perf: index on invoice_no (#2231)
refactor: print service (#2219)
chore: drop Windows 7 support (#2205)
```

प्रकारानुसार मांडणीचा मोठा गुण म्हणजे ती जवळजवळ आपोआप तयार होते. डेव्हलपर `feat`, `fix` असे उपसर्ग शिस्तीने लावत असतील, तर साधी स्क्रिप्टही ही यादी ‘नवीन’, ‘बदलले’ आणि ‘दुरुस्ती’ या शीर्षकांखाली वाटून देते; `chore` ची ओळ तेवढी हाताने ‘काढले’खाली न्यावी लागते. त्यापलीकडे संपादकाला फक्त भाषा नीट करायची राहते. दुसरा गुण प्रामाणिकपणाचा आहे. ‘दुरुस्ती’ या शीर्षकाखाली आलेली ओळ आधी काहीतरी चुकत होते हे उघडपणे सांगते. सपोर्टवर बसणाऱ्याला, ग्राहकाच्या चार्टर्ड अकाउंटंटला आणि मोठ्या पेढीतल्या संगणक सांभाळणाऱ्या माणसाला हीच मांडणी हवी असते, कारण ते नोट्स पहिल्या ओळीपासून वाचत नाहीत. त्यांना ठाऊक असलेली अडचण मिटली का, एवढेच शोधतात.

दुकानात बिल काढणाऱ्या माणसाच्या हाती मात्र यातून फारसे लागत नाही. ‘लेजर एक्सपोर्टमधील नल व्हॅल्यूची अडचण दूर केली’ हे वाक्य मराठीत असले, तरी त्याच्यासाठी ते मराठी नाही. ते साधे करण्यासाठी शब्द बदलणे पुरेसे नसते, कारण मुळात माहितीच अपुरी आहे. टिकेट उघडून किंवा डेव्हलपरला विचारून तीन गोष्टी काढाव्या लागतात: ही अडचण कोणत्या ग्राहकाला येत होती, नेमके काय करताना येत होती आणि आता पडद्यावर काय वेगळे दिसेल. आपल्या उदाहरणात उत्तर असे मिळते की ज्या पार्टीचा जीएसटी क्रमांक भरलेला नाही, तिची खातेवही एक्सेलमध्ये काढताना फाइल रिकामी येत होती. मग नोंद अशी होते: ‘जीएसटी क्रमांक नसलेल्या पार्टीची खातेवही एक्सेलमध्ये काढल्यास फाइल रिकामी येत होती. आता ती पूर्ण येते.’ किरकोळ गिऱ्हाइकांना उधारी देणारा दुकानदार ही ओळ आपल्यासाठी आहे हे लगेच ओळखतो, आणि इतरांना ती सोडून पुढे जाता येते.

फायद्यानुसार मांडणी करायची झाल्यास हीच ओळ ‘उधारी आणि वसुली’ या शीर्षकाखाली जाईल, तर ई-वे बिलाची नवी सोय ‘माल पाठवणे’ या शीर्षकाखाली. आंतरराज्य वाहतुकीत ५०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या मालाला सर्वसाधारणपणे ई-वे बिल लागते. त्यामुळे छिंदवाडा किंवा बालाघाटकडे रोज माल धाडणाऱ्यासाठी हा बदल या आवृत्तीतला सर्वांत मोठा आहे, आणि प्रकारानुसार यादीत तो ‘नवीन’खाली एका ओळीत आटोपतो. फायद्याच्या मांडणीत त्याला जागा मिळते: ‘एकाच दिवशी अनेक बिलांचा माल निघणार असेल, तर ती बिले निवडून त्यांची एकच फाइल तयार करता येते आणि ती ई-वे बिल पोर्टलवर चढवता येते. प्रत्येक बिलाची माहिती पोर्टलवर पुन्हा भरावी लागत नाही. फाइल पोर्टलवर आपोआप जात नाही. ती तुम्हालाच चढवावी लागते.’ शेवटचे वाक्य विक्री विभागाला सहसा आवडत नाही. ते गाळले, तर पहिल्याच दिवशी सपोर्टचे फोन त्यावरच खणखणतात.

शीर्षके ग्राहकाच्या कामाची असावीत, गुणांची नव्हेत, असे माझे ठाम मत आहे. ‘वेग’, ‘सुलभता’, ‘अचूकता’ अशी शीर्षके कोणत्याही आवृत्तीला लागू पडतात आणि तीन-चार आवृत्त्यांनंतर प्रत्येक बदल ‘सुलभता’मध्ये जाऊन बसतो, तसे होऊ लागले की मांडणी बिघडली असे खुशाल समजावे. एका आवृत्तीत तीन-चार शीर्षके पुरतात. एखादा बदल दोन शीर्षकांखाली बसत असेल, तर ग्राहकाला तो पहिल्यांदा जिथे भेटेल तिथे एकदाच द्यावा. बिल क्रमांकाने शोधणे जलद झाले, ही `perf` ची ओळ ‘जुने बिल शोधणे’ याखाली जाईल. मात्र ‘दहापट जलद’ असे काही लिहायचे तर ते ग्राहकाकडे असतो तेवढ्या डेटावर मोजलेले असले पाहिजे. वर्षभरात हजारभर बिले करणाऱ्याला फरक जाणवणारच नाही, म्हणून ‘ज्यांच्याकडे बिलांची संख्या मोठी आहे त्यांना फरक जाणवेल’ हे अधिक खरे वाक्य आहे. छपाईच्या अंतर्गत फेररचनेची ओळ ग्राहकाच्या नोट्समधून वगळावी. ती सपोर्टकडे मात्र कळवावी, कारण पावतीचा एखादा प्रिंटर अडला तर शोध तिथूनच सुरू होईल.

इथवर फायद्याची मांडणी सरस ठरते. ती घसरते उरलेल्या दोन ओळींवर, आणि निर्णय घेणाऱ्याने सर्वाधिक वेळ तिथेच द्यावा.

क्रेडिट नोटची ओळ घ्या. कापड परत आले, करपात्र रक्कम १,२३७.६० रुपये आणि जीएसटी ५ टक्के. कर ६१.८८ रुपये, एकूण १,२९९.४८, आणि जवळच्या रुपयापर्यंत आणल्यावर १,२९९ रुपये, हा योग्य हिशेब. जुनी आवृत्ती आधी करपात्र रक्कमच १,२३८ करत होती. त्यावर कर ६१.९० रुपये आणि एकूण १,२९९.९०, म्हणजे १,३०० रुपये. फरक रुपयाचा आहे, पण समोरच्या पार्टीने आपल्या वहीत १,२९९ धरले असतील, तर खाते जुळवताना हाच रुपया डोके खातो. शिवाय करपात्र रक्कम आणि कर हे दोन्ही आकडे विवरणपत्रात गेलेले असतात.

ही नोंद फायद्याच्या शैलीत लिहायला घेतली की हात आपोआप ‘क्रेडिट नोटचा हिशेब आता अधिक अचूक’ असे लिहून जातो. वाक्य खोटे नाही, पण आधीचे आकडे चुकले होते, कोणत्या नोटांचे चुकले, त्या आता बदलल्या की तशाच आहेत, यांपैकी काहीच त्यातून कळत नाही. प्रकारानुसार मांडणीत निदान ‘दुरुस्ती’ हा शब्द तरी सावध करतो. अशी नोंद फायद्याच्या गटांबाहेर, सर्वांत वर, ‘आकड्यांवर परिणाम करणारे बदल’ या वेगळ्या शीर्षकाखाली द्यावी: ‘क्रेडिट नोटमध्ये कर आकारण्याआधीच रक्कम पूर्ण रुपयात केली जात होती, त्यामुळे काही नोटांच्या एकूण रकमेत एका रुपयाचा फरक पडत होता. या आवृत्तीपासून कर आकारल्यानंतरच रक्कम पूर्ण रुपयात होते. आधी केलेल्या नोटा बदललेल्या नाहीत. त्यांची यादी Reports > Credit Note Register येथे मिळेल. ती आपल्या सीएंना दाखवावी.’ पडद्यावरची नावे जशी दिसतात तशीच ठेवावीत. साध्या भाषेच्या उत्साहात मेनूचे मराठीकरण केले, तर ग्राहक ते नाव शोधत बसतो.

विंडोज ७ ची ओळही तशीच. मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी त्या प्रणालीचा आधार थांबवला, तरी काउंटरवरचा जुना संगणक चालतो आहे तोवर बदलायचा नाही, असा हिशेब अनेक दुकानांत असतो. आधार काढून घेण्यात त्या दुकानदाराचा फायदा शोधून ‘सुरक्षितता वाढली’ या शीर्षकाखाली तो बदल ठेवणे म्हणजे महत्त्वाची सूचना झाकणे होय. तिला ‘तुम्हाला काय करावे लागेल’ असे स्वतंत्र शीर्षक द्यावे, कोणत्या तारखेपासून अपडेट मिळणार नाही ते लिहावे, आणि संगणकावर कोणती विंडोज आहे हे कसे पाहायचे तेही सांगावे.

विभागवार मांडणी, म्हणजे विक्री, खरेदी, साठा असे गट, हा तिसरा पर्यायही सुचवला जातो. ग्राहकाकडे गोदाम आणि हिशेब सांभाळणारी माणसे वेगळी असतील, तर तो चालतो. जिथे एकच माणूस सगळे पाहतो, तिथे त्याने फारसे काही साधत नाही.

मेहनतीचा फरकही लक्षात घ्यावा. फायद्यानुसार संपादनाचा बराचसा वेळ लिहिण्यात जात नाही; तो टिकेट वाचण्यात आणि डेव्हलपरला गाठण्यात जातो, आणि आवृत्ती बाहेर पडायच्या संध्याकाळी डेव्हलपर भेटत नाही. म्हणून टिकेट बंद करतानाच ‘कोणाला, कधी, आता काय’ या तीन ओळी भरून घेण्याची सक्ती करता येणार नसेल, तर या वाटेला जाऊ नये. अशा स्थितीत प्रकारानुसार नीट केलेली यादी घाईत रचलेल्या फायद्यांपेक्षा बरी. मोबाइल ॲपसाठी जागेचीही मर्यादा आहे: गूगल प्लेवर एका भाषेतल्या रिलीज नोट्सना ५०० अक्षरांची सीमा आहे, ॲपलच्या ॲप स्टोअरवर ती ४,००० आहे. पाचशे अक्षरांत शीर्षके परवडत नाहीत. तिथे आकड्यांवर परिणाम करणारा बदल आणि सर्वांत मोठी सोय एवढेच लिहून बाकीचे ॲपच्या आत दाखवावे.

ग्राहक बहुतांशी दुकानदार असतील, दर आवृत्तीत पाच-सात तरी दृश्य बदल असतील आणि टिकेटांतून माहिती मिळत असेल, तर फायद्यानुसार मांडणी निवडावी, तिच्या वर दोन सावधगिरीची शीर्षके ठेवावीत आणि टिकेट क्रमांकांसह प्रकारानुसार यादी सपोर्ट व सीएंसाठी वेगळी काढावी. आवृत्ती दर आठवड्याला निघत असेल आणि तिच्यात एक-दोन दुरुस्त्याच असतील, तर गट पाडण्याच्या खटाटोपात पडू नये. साध्या भाषेतली दोन वाक्ये पुरेशी आहेत.