तयार हिमॅटॉक्सिलिन, सात महिने वापरून: शिव्या बाटलीला, चूक पाण्याची

पहिल्या दोन महिन्यांत विचारलं असतं, तर पेशींची केंद्रकं निळी रंगवणाऱ्या या रंगाच्या बाटलीला एकच तारा दिला असता. लॅबमध्येच उकळून केलेलं हॅरिसचं हिमॅटॉक्सिलिन सोडून महागाची तयार बाटली घेतली आणि केंद्रकं निळी व्हायची थांबली. सात रस्ता चौकात उभं राहून डीलरशी भांडलो. तो म्हणाला, "साहेब, माल तोच आहे, बाकी कुणाची तक्रार नाही."

भांडणाचं कारण अपेंडिक्सची एक स्लाइड. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी ती परत पाठवली. "अहो, स्नायूच्या थरात न्यूट्रोफिल आहेत की नाहीत, कसं ठरवू? सगळं पिकल्या जांभळासारखं दिसतंय." तीव्र सूज आहे का, हे त्यावरच ठरतं. न्यूट्रोफिल म्हणजे सुजेत धावून येणारी पांढरी पेशी, ती ओळखायची केंद्रकाच्या तुकड्यांवरून. तुकडे निळे आणि भोवतीचा स्नायू गुलाबी असला की नजर अडत नाही. इथे दोन्ही लालसर, मधल्या फटी दिसेनात. मी हिमॅटॉक्सिलिनची वेळ पाचवरून दहा मिनिटं केली, तर स्लाइड नुसतीच काळवंडली.

मग एके दिवशी आरओची टाकी रिकामी होती. कंटाळून बोअरच्या पाण्याची बादली ओढली, आणि स्लाइड सुरेख निळ्या!

तेव्हा डोक्यात उजेड पडला. जारवर पांढरे थर बसतात म्हणून आम्ही आरओ बसवला होता, तोही बाटली आली त्याच आठवड्यात. हिमॅटॉक्सिलिन आम्लात लाल असतं, अल्कलीत निळं होतं. अ‍ॅसिड अल्कोहोलमधून जादा रंग उतरवून काढल्यावर आमचं जड, क्षारयुक्त पाणी हे काम फुकटात करायचं. आरओच्या पाण्यात ते क्षारच उरत नाहीत.

खात्रीसाठी मेणात बसवलेल्या ऊतीच्या एकाच ब्लॉकचे ४ मायक्रॉनचे लागोपाठचे दोन सेक्शन घेतले. एक आरओत दहा मिनिटं, दुसरा बोअरच्या पाण्यात पाच. इओसिन या गुलाबी रंगाच्या आधी, ओल्या असतानाच मायक्रोस्कोपखाली ठेवले. पहिला कोकमी, दुसरा निळा. हे इओसिनच्या आधीच बघायचं, नंतर दोष कुणाचा ते कळत नाही.

बोअरचं पाणी मात्र रोज सारखं नसतं, म्हणून आता एक लिटर पाण्यात ३.५ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि २० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घालतो. त्यात एक-दोन मिनिटं पुरतात. त्यानंतर नीट धुवायचंच. घाईत मी ते टाळलं, तर सोड्यामुळे इओसिन धरेना आणि तांबड्या पेशी फिक्या पडल्या.

अपेंडिक्सची ती स्लाइडही वाचली. झायलीनमध्ये कव्हरस्लिप सोडवली, अल्कोहोलमधून पाण्यापर्यंत आणली, सोड्याच्या पाण्यात निळी केली, पुन्हा इओसिन. स्नायूत न्यूट्रोफिल भरपूर होते.

बाटलीला आता चार तारे. पाचवा नाही, कारण वरची चकाकणारी साय रोज सकाळी गाळावीच लागते, नाहीतर सेक्शनवर निळे-काळे कण बसतात. डीलरला यातलं काही सांगितलेलं नाही. तिसरी बाटली मात्र त्याच्याकडूनच घेतली, तीही घासाघीस न करता.