उत्तरात उदाहरण कोणते घ्यावे: अंडे, नासलेले दूध की पनीर?

प्रथिनांचे विकृतीकरण आणि साकळणे यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा, असा प्रश्न आला की ही तीन उदाहरणे हाताशी असतात, आणि बरेच विद्यार्थी ती तिन्ही एकाच वाक्यात लिहून मोकळे होतात. तिन्हींत शेवटी घट्ट पदार्थ तयार होतो हे खरे, पण तो तयार होण्याची वाट तिन्हींत वेगळी आहे. मी स्वतः विद्यार्थी असताना आणि पुढे शिकवतानाही या तिन्हींतून एकाची निवड केली, ती मुख्यतः एका अडचणीमुळे.

ती अडचण नासलेल्या दुधाची आहे. अनेक पाठ्यपुस्तके दूध नासणे हे विकृतीकरणाचे उदाहरण म्हणून देतात. पण विकृतीकरण म्हणजे घडी घातलेल्या प्रथिनाची घडी उलगडणे, आणि दुधातील सुमारे 80 टक्के प्रथिन असलेल्या केसीनला मुळात पक्की घडीच फारशी नसते. म्हणून तर ताजे दूध कितीही वेळा उकळले तरी नासत नाही. केसीनचे कण एकमेकांपासून दूर राहतात ते त्यांच्या पृष्ठभागावरील ऋण प्रभारामुळे आणि बाहेर डोकावणाऱ्या कॅपा-केसीनच्या झालरीमुळे. दुधाचा सामू 6.6 च्या आसपास असतो. जिवाणूंनी तयार केलेल्या लॅक्टिक आम्लामुळे तो 4.6 कडे उतरू लागला की कणांतील कॅल्शियम फॉस्फेट विरघळते, निव्वळ प्रभार शून्याजवळ येतो आणि कण एकमेकांना चिकटतात. हे साकळणे आहे, पण यात उलगडले काय, असे परीक्षकाने विचारले तर उत्तर देणे अवघड जाते. शंका असेल त्याने गाळलेला चोथा धुऊन खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात ढवळून पाहावा: चरबी काढलेल्या दुधाचा चोथा असेल तर तो बऱ्याच अंशी पुन्हा विरघळतो. उकडलेल्या अंड्याचे तसे होत नाही.

अंड्याच्या पांढऱ्या बलकात मात्र दोन्ही पायऱ्या एकामागून एक, केवळ उष्णतेने घडतात. साधारण 61 अंश सेल्सिअसला ओव्होट्रान्सफेरिन हे प्रथिन उलगडू लागते आणि बलक दुधाळ दिसू लागतो. बलकातील प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक असलेले ओव्हाल्ब्युमिन मात्र 80 अंशांच्या आसपास उलगडते, आणि खरा घट्टपणा तेव्हाच येतो. घडीत आत दडलेले जलद्वेषी भाग व सल्फहायड्रिल गट उघडे पडतात, शेजारच्या रेणूंशी जुळतात, नवे डायसल्फाइड बंध तयार होतात आणि पाणी धरून ठेवणारे जाळे उभे राहते. पेप्टाइड बंध तुटत नाहीत, हे वाक्य उत्तरात अवश्य असावे. ते नसले की विकृतीकरण आणि जलापघटन यांची गल्लत झाल्यासारखी वाटते. बलकात भरपूर पाणी घालून उकळल्यास गढूळपणा येतो, पण घट्ट गोळा बनत नाही. उलगडणे आणि जाळे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दाखवायला एवढे पुरेसे आहे.

पनीर या दोघांच्या मधले आहे, आणि तेच त्याचे बलस्थान तसेच जोखीमही आहे. दूध 90 अंशांपर्यंत तापवताना केसीनला फारसे काही होत नाही, पण बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे व्हे प्रथिन उलगडते आणि त्यातील बराचसा भाग कॅपा-केसीनला जोडला जातो. मग लिंबाचा रस पडताच केसीन साकळते आणि जोडलेले व्हे प्रथिनही त्याच्याबरोबर खाली बसते. हे पडताळून पाहणे सोपे आहे. कच्चे दूध न तापवता आम्लाने फाडले, गाळले आणि उरलेले पाणी उकळले, तर त्यात पांढरे कण दिसू लागतात. तेच आधीच नव्वद अंशांना तापवलेल्या दुधाचे पाणी असेल, तर उकळूनही ते कण फारच थोडे दिसतात, कारण ती प्रथिने आधीच पनीरमध्ये गेलेली असतात. हा प्रसंग मला स्वतःला फार आवडतो, पण तो नीट मांडायला निदान अर्धे पान लागते.

म्हणून प्रश्न दोन-तीन गुणांचा असेल तर, माझ्या मते, अंडे घ्यावे, त्याच्या दोन्ही पायऱ्या अलग लिहाव्यात आणि नासलेले दूध आम्लामुळे होणाऱ्या साकळण्याचे उदाहरण म्हणून एका ओळीत द्यावे. प्रश्नात उष्णता आणि आम्ल यांचा एकत्रित परिणाम विचारला असेल, तर पनीर टाळू नये. मात्र तेव्हा कोणते प्रथिन उष्णतेने उलगडले आणि कोणते आम्लाने साकळले, हे नावानिशी लिहावे लागेल. नासलेल्या दुधाचे उदाहरण पाठ्यपुस्तकात जसे दिले आहे तसेच अपेक्षित असण्याची शक्यता आहे, त्यामुळे ते लिहिणाऱ्याला मी चुकीचे ठरवणार नाही. फक्त त्याच्या जोडीला केसीनचा प्रभार आणि 4.6 हा सामू यांचा उल्लेख असावा.