स्टारड्यू व्हॅली: आठ महिने, एकदाच दिलेले पैसे

गेल्या वर्षी सुट्टीत आमच्या पाचवीतल्या चिरंजीवांनी माझ्या फोनवरच्या एका फुकट गेममध्ये चौदा वेळा ९९ रुपये घालवले. यूपीआयचा पिन त्याला पाठ होता, कारण कोपऱ्यावरून दूध आणताना मीच तो सांगितला होता. विचारलं तर म्हणाला, "आई, मी पैसे कुठे दिले? हिरे घेतले फक्त." त्याच्या दृष्टीने तो खोटं बोलत नव्हता.

पिन बदलला, गेम काढला आणि लॅपटॉपवर स्टीम नावाच्या गेमच्या ऑनलाइन दुकानातून 'स्टारड्यू व्हॅली' घेतला. किंमत पाचशेच्या आसपास, एकदाच. आठ महिने झाले, त्यानंतर एक रुपयाही गेलेला नाही.

आजोबांची पडीक शेती नांगरायची, पेरायची, गावातल्या लोकांशी ओळखी वाढवायच्या, असा हा गेम. एरिक बॅरोन नावाच्या माणसाने तो एकट्याने बनवला आणि तो २०१६ मध्ये आला. पुढे आलेले मोठे अपडेट, अगदी २०२४ चं १.६ सुद्धा, विकत घेतलेल्यांना फुकटच मिळाले. स्टीमवर याच्या नावाने वेगळं विकायला आहे ते फक्त संगीत, आणि ते नसलं तरी खेळात काही अडत नाही.

पहिल्याच आठवड्यात माझा थरकाप उडाला होता. आतून हाक आली, "आई, बॅग मोठी करायला दोन हजार लागतात!" मी पोळी तव्यावर टाकून धावले. पडद्यावर खरंच दुकान होतं, बॅगेचं चित्र होतं, '२०००' होतं आणि घ्यायची का असा प्रश्न. फरक एवढाच की ते २००० गेममधलं सोनं होतं. सुरुवातीला ५०० सोनं हातात मिळतं. पार्सनिपचं बी २० ला, चार दिवसांनी पीक निघतं आणि ३५ ला विकलं जातं. म्हणजे बॅगेसाठी रोपं लावा, पाणी घाला, थांबा. वाट बघायचा कंटाळा आला म्हणून खरे पैसे देऊन पुढे सरकायची सोयच ठेवलेली नाही. आधीच्या गेममध्ये नेमकं त्या कंटाळ्याच्या क्षणी ९९ चं बटण उगवायचं. पोळी करपली, पण जीव भांड्यात पडला.

घेण्याआधी काय बघावं, ते मी आता ओळखीच्या आयांना सांगते. प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली बारीक अक्षरात `In-app purchases` असं असतं. खाली माहितीत एका वस्तूची किंमत कुठून कुठपर्यंत, तेही असतं. स्टीमवर हेच शब्द उजवीकडच्या यादीत दिसतात. तिथेच `Requires 3rd-Party Account` दिसलं तर आणखी एक खातं उघडावं लागणार असं समजा. आणि पैसे भरताना 'कार्ड लक्षात ठेवा'ची खूण काढा.

इंटरनेटचं म्हणाल तर स्टीममध्ये एकदा लॉगिन करून गेम उतरवला की ऑफलाइन मोडमध्ये चालतो; गावी नेट नसताना गणपतीत तो खेळलाच. जीओजी नावाच्या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतलात तर इन्स्टॉलरची फाइलच मिळते, ती पेनड्राइव्हवर ठेवता येते. कन्सोलवर मात्र एक मेख आहे. एकट्याने किंवा एकाच टीव्हीवर दोघांनी खेळायला काही लागत नाही, पण दुसऱ्या घरातल्या मित्राबरोबर ऑनलाइन शेती करायची तर प्लेस्टेशन किंवा निन्टेन्डोची वर्गणी भरावी लागते. कम्प्युटरवर ती भानगड नाही. आयफोनवाल्यांनी नावापुढे `+` असलेला गेम घेऊ नये. तो ॲपल आर्केडच्या मासिक वर्गणीतला आहे.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. गावात दारूचा गुत्ता आहे, एक पात्र चांगलंच पितं. बस दुरुस्त झाली की वाळवंट उघडतं आणि पुढे तिथे चक्क कॅसिनो. तिथली नाणीही गेममधल्याच सोन्याने मिळतात, खरा पैसा आत नेता येत नाही. तरी फिरणाऱ्या चक्रांसमोर बसलेला मुलगा बघून मला बरं वाटलं नाही. आम्ही बोललो. हजार सोन्याची शंभर नाणी त्याने दहा मिनिटांत घालवली आणि परत त्या वाटेला गेला नाही, निदान माझ्यासमोर तरी. गेम मराठीत नाही, हिंदीतही नाही; इंग्रजी वाचता येत नसेल तर शेजारी बसावं लागतं.

आणि आमची रोजची भांडणं वेळेवरून. गेममधला एक दिवस साधारण चौदा मिनिटांचा, आणि लॅपटॉपवर झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही. मध्येच बंद करायला लावलं तर तो दिवस वाया. म्हणून आमच्याकडे "पाच मिनिटं" चालत नाहीत, "झोप आणि बंद कर" चालतं. काल रात्री तो झोपला, सेव्ह झालं, आणि मी वळेपर्यंत दुसऱ्या दिवशीचा कोंबडा आरवला.